वरीलप्रमाणे

मला चुका दिसतात. हा गुण की दुर्गुण, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. नवरा म्हणतो, लग्नाच्या पंगतीत बसली तरी हिचं लक्ष ताटात नसतं, मांडवाच्या फ्लेक्सवर ‘शुभ’चा उकार दीर्घ काढलाय का, ते शोधत बसते. खरं आहे ते. साखरखेर्ड्याच्या बाजारात माझं टायपिंगचं आणि पत्रिका छापायचं दुकान आहे. दिवसभर लोकांची नावं नीट लिहायची, पहिली प्रत आणि दुरुस्त केलेली प्रत शेजारी ठेवून काय बदललं ते बघायचं, यातच माझा दिवस जातो. खोड लागणारच.

राहते मी जवळच्याच खेड्यात, सासरी. आमच्या गावची देवी चैत्रात पालखीत बसून गावभर फिरते. त्या दिवशी कोणाच्या घराण्याने काय करायचं, याची एक यादी आहे. हळद कोणी लावायची, ओटी कोणी भरायची, पालखीपुढे दिवटी कोणी धरायची, देवीवर चवरी कोणी ढाळायची. पूर्वी म्हणे यावरून दरवर्षी डोकी फुटायची. शेवटी गावातल्या पाच जाणत्यांनी बसून सगळं ठरवलं, एका गुरुजींनी ते सुरेख अक्षरात लिहिलं, पाचांनी सह्या केल्या आणि तो कागद काचेच्या फ्रेममध्ये देवळात लागला. एकदा कागद भिंतीवर गेला की तो कोणी वाचत नाही. आपल्या घरात आधीच्यांनी केलं ते आपण करायचं, एवढंच लोकांना ठाऊक असतं.

पुढे देवळाचा जीर्णोद्धार निघाला. फ्रेम उतरवली तर मागून वाळवीने कागद पोखरलेला. यादी हातची जायला नको म्हणून आमच्या राम पेंटरने आधी त्या फ्रेमचा मोबाइलवर फोटो काढला, मग फोटो बघून बघून पत्र्यावर नवा बोर्ड रंगवला. पिवळ्या पत्र्यावर तांबडी अक्षरं. जुना कागद हातात धरताच भुगा झाला. तेव्हापासून देवळात बोर्ड आहे आणि तोही कोणी पुरता वाचत नव्हतं, फार तर आपल्यापुरती ओळ बघायची.

गजेंद्र मापारी संस्थानचा सचिव झाला आणि त्याने तो सगळा वाचला.

गजेंद्र वाईट माणूस नाही. शिस्तीचा आहे, आणि शिस्तीच्या माणसाला काम मिळालं की आजूबाजूच्यांना घाम फुटतो. यात्रेच्या आधी त्याने बोर्डाचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘यंदा सर्व विधी यादीप्रमाणे होतील.’ दुसऱ्या दिवशी गोजरबाई काकडच्या दारात जाऊन सांगितलं, की दिवटीचा मान काकडांच्या कर्त्या पुरुषाचा आहे, यंदा तुमचा पुतण्या हरिओम धरील.

गोजरबाई माझ्या नवऱ्याच्या नात्यातली आत्या, काकडांच्या भावंडांत सगळ्यात मोठी. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. वारलेल्या भावाच्या वावराच्या एका तुकड्यात मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि वांगी काढते, बाजारच्या दिवशी माझ्या दुकानासमोर पाल टाकून विकते. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलवत नाही. बारशात ती मागच्या रांगेत असते. ती स्वतःच मागे बसते, कोणी सांगायची वेळ येऊ देत नाही. पण यात्रेच्या दिवशी पोतडीतलं इरकल नेसून, हातात पेटती दिवटी घेऊन ती पालखीच्या पुढे चालते, आणि सगळं गाव तिच्या मागून. वर्षातला तेवढा एक दिवस. तो गेला तर तिच्याकडे काय उरतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

हरिओमलाही हे नको होतं. तो संभाजीनगरला नोकरीला आहे, त्याने फोनवर सांगितलं, “मी नाई धरत, आत्याचीच हाय ते.” पण गजेंद्रचं म्हणणं होतं की हा हरिओमच्या मर्जीचा प्रश्न नाही. गावात दोन तट पडले. कोणी म्हणालं, रामने बोर्ड रंगवताना घोळ घातला. राम चिडला. आणि मग एका दुपारी संस्थानचे अध्यक्ष कडूबा गाडेकर गजेंद्रला घेऊन माझ्या दुकानात आले.

“सूनबाई,” कडूबा आबा खुर्चीत बसत म्हणाले, “रामच्या मोबाइलात जुन्या यादीचा फोटू सापडला. अन् हा नव्या बोर्डाचा. दोन्हीत काय काय फरक हाय ते तू एका कागदावर मांडून दे. तुहा कोणाशी वाद नाई, म्हणून तुह्याकडं आलो.”

“वहिनी, तुमचं मत नको,” गजेंद्र म्हणाला. “फक्त फरक. आधी काय होतं, आता काय हाय.”

मत मागितलं असतं तर मी दिलं असतं. पण फरक मागितला, आणि खरं सांगते, मला आनंदच झाला. कधीच न वाचलेली गोष्ट वाचायला मिळणार होती.

फोटो उघडल्यावर आनंद जरा कमी झाला. बोर्डाचा फोटो खालून वर काढलेला, वरच्या ओळी निमुळत्या झालेल्या. तो मी सरळ करून घेतला, आणि शंका येईल ते अक्षर संध्याकाळी देवळात जाऊन डोळ्यांनी पाहता येणार होतं. जुन्या यादीचं तसं नव्हतं. जो काही होता तो फोटोच. रामने फ्लॅश लावून काढलेला, काचेवर उजेडाचा एक पांढरा डाग पडलेला, आणि तो डाग नेमका शेवटच्या रकान्यात, पाचव्या ओळीवर. तिथे ‘थोरली’ एवढं वाचता येत होतं. पुढचा शब्द त्या उजेडात बुडाला होता.

दोन्ही एकाच आकारात छापले. एक हस्ताक्षरात, दुसरा रंगवलेला, त्यामुळे एकावर एक ठेवून बघायची सोय नव्हती. आधी ओळी मोजल्या. जुन्यात सात, नव्यात आठ. मग कोणती ओळ कोणत्या ओळीची जोडी आहे ते ठरवलं. हे आधी करावं लागतं, नाहीतर एक ओळ मध्ये घुसली की पुढचं सगळंच बदललेलं दिसतं. मग पट्टी ठेवून रकाना रकाना. खालून वर वाचत गेले, कारण वरून वाचलं की डोळा अर्थ लावत धावतो आणि अक्षर बघायचं विसरतो.

संध्याकाळपर्यंत तक्ता तयार झाला. तो असा:

| क्र. | जागा | जुनी यादी (फोटो) | नवा बोर्ड (फोटो) | प्रकार |
|---|---|---|---|---|
| १ | मथळा | मानकऱ्यांची यादी | श्री देवी संस्थान, मानकऱ्यांची यादी | वाढवले |
| २ | ओळ १, घराणे | गाडेकर | गाडेकार | बदलले |
| ३ | ओळ ५ (आरतीचे ताट, गाडेकर), कोणी करावे | थोरली … पुढचे दिसत नाही | थोरली सून | ठरवता येत नाही |
| ४ | ओळ ५ नंतर | नाही | ६. कळसाचा ध्वज बदलणे, म्हस्के, कर्ता पुरुष | नवी ओळ |
| ५ | दिवटी धरणे, काकड | क्रमांक ६ | क्रमांक ७ | फक्त क्रमांक. बाकी मजकूर तोच |
| ६ | चवरी ढाळणे, मापारी | क्रमांक ७ | क्रमांक ८ | फक्त क्रमांक. बाकी मजकूर तोच |
| ७ | तळाशी | पाच सह्या | नाहीत | वगळले |

ध्वजाची ओळ नवी का, हे सगळ्यांना माहीत होतं. जीर्णोद्धारात कळस म्हस्क्यांनी दिला, म्हणून ध्वज बदलायचा मान गावाने त्यांना दिला. ध्वज बदलल्याशिवाय पालखी हलत नाही, म्हणून ती ओळ दिवटीच्या आधी. यात कोणाची लबाडी नव्हती. स्वतःचंच आडनाव ‘गाडेकार’ झालेलं इतकी वर्षं आपल्याला दिसलं नाही म्हणून कडूबा आबा मात्र बराच वेळ हसत होते.

देवळाच्या मंडपात सगळे जमले. गजेंद्रने तक्ता मोठ्याने वाचला आणि तक्त्यातल्या पाचव्या नोंदीवर, दिवटीवर, बोट ठेवलं.

“पाह्यलं? दिवटीच्या ओळीत काहीच बदललं नाई. क्रमांक सोडून अक्षरही बदललं नाई. पुष्पांजली वहिनींनी लिहून देल्लं. रामचा दोष नाई, माहा नाई. बोर्डावर कर्ता पुरुष हाय, जुन्या यादीतबी तेच होतं. आपणच इतकी वर्षं चुकत होतो.”

तक्ता माझा होता आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. गोजरबाई खांबाला टेकून मागे बसली होती. ती म्हणाली, “यादीत हाय तं हाय. मी काय भांडून राह्यली?” आणि पदर सावरून उठून गेली. मला माझ्याच तक्त्याचा राग आला. असं याआधी कधी झालं नव्हतं.

पुढच्या बाजारच्या दिवशी ती दुकानात आली. भाजी अजून अर्धी पालावर पडली होती, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून आलेली. चष्म्याची काडी तुटल्यामुळे तिला बारीक अक्षर वाचता येत नव्हतं.

“पुष्पे, ते जुन्या कागदावरलं मले वाचून दाखव. एकडाव.”

“आत्याबाई, ते सगळं तसंच आहे हो. मी दहा वेळा बघितलं.”

“तसंच असू दे. म्या कधी आयकलंच नाई ते. बुढ्यांनी काय लिह्यलं होतं ते आयकू तं दे.”

तिला वाद घालायचा नव्हता. तिला उत्सुकता होती, दुसरं काही नाही. जाणार तर जाणार, पण आपल्याबद्दल काय लिहिलं होतं हे तिला कानाने ऐकायचं होतं. मी संगणकावर फोटो मोठा केला आणि वाचायला लागले. पहिली ओळ, दुसरी ओळ. ती प्रत्येक घराण्याला मान डोलवत होती. चौथी ओळ, ओटी भरणे, म्हस्के, थोरली सून. पाचवी, आरतीचे ताट, गाडेकर, थोरली, आणि पुढे दिसत नाही.

“सहावी,” मी म्हणाले. “दिवटी धरणे. काकड.” आणि शेवटच्या रकान्याशी थांबले. तिथे शब्द नव्हता. तिथे दोन उभ्या दांड्या होत्या, दोन्ही बाजूंना आडव्या रेघा, आपण काढतो तशा. पुन्हा तेच लिहायचा कंटाळा आला की सगळेच काढतात. डोळ्यांनी तपासताना मी इकडच्या दांड्या बघितल्या, तिकडच्या दांड्या बघितल्या, सारख्या होत्या, पुढे गेले. पण दांड्या मोठ्याने वाचता येत नाहीत. तोंडाने काहीतरी शब्द म्हणावा लागतो.

“वरीलप्रमाणे,” मी म्हणाले.

“म्हंजे?”

“म्हणजे वर जे लिहिलंय तेच.”

आणि वर काय लिहिलंय ते सांगायला मी बोट वर नेलं. जुन्या यादीत ते बोट पांढऱ्या डागावर गेलं, ‘थोरली’च्या शेजारी. मग मी बोर्डाचा फोटो उघडला आणि तेच केलं. तिथे दिवटीच्या वर ध्वजाची नवी ओळ होती. माझं बोट ‘कर्ता पुरुष’वर गेलं.

मला खुर्चीतून उठावंच लागलं. दांड्या तशाच होत्या, एका केसाचाही फरक नव्हता. पण रामने मध्ये एक ओळ घातली, आणि तिच्या खालच्या दांड्या जुन्या शब्दाला सोडून नव्या शब्दाला चिकटल्या. अक्षर न बदलता अर्थ बदलला. तक्त्यात ‘मजकूर तोच’ असं मी लिहिलं होतं, आणि ते खरंही होतं, आणि साफ चुकीचंही होतं.

“काय झालं बाई?” गोजरबाईने विचारलं.

“बसा तुम्ही आत्याबाई. तुमची भाजी आज शेजारीण विकेल.”

आता सगळं त्या पांढऱ्या डागावर येऊन थांबलं. ‘थोरली’ काय? राम बोर्डावर ‘सून’ लिहून मोकळा झाला होता. मी त्याला फोन लावला.

“राम भाऊ, पाचव्या ओळीतलं सून तुम्ही कुठून वाचलं?”

“वाचलं कोठी, ते दिसतच नव्हतं,” तो म्हणाला. “वरच्या ओळीत थोरली सून होतं, म्हटलं इथंबी सूनच असन. काऊन, काही लोचा झाला काय?”

सून असेल तर दिवटी काकडांच्या सुनेची, म्हणजे हरिओमच्या बायकोची. गोजरबाईच्या हातात तरीही काही येत नव्हतं. मी फोटोचा उजेड कमी करत गेले, गडद करत गेले. डागाच्या मधोमध काही मिळालं नाही. जिथे पूर्ण पांढरं झालंय तिथे फोटोत काही उरलेलंच नसतं, कितीही खटपट केली तरी येत नाही. पण डागाची वरची कड गडद होताना तिथे एक लहान तिरपी रेघ उमटली. ‘थोरली’ शब्दाच्या लगेच पुढे, शिरोरेषेच्या वर.

मात्रा होती ती.

‘सून’ला वर काही नसतं. त्याचा उकार खाली लोंबतो. ‘लेक’ला मात्र मात्रा वर बसते, पहिल्याच अक्षरावर.

मला नाचावंसं वाटलं. पण मी स्वतःला आवरलं, कारण मला हवं होतं तेच दिसत होतं आणि अशा वेळी डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. काचेवरचा ओरखडा असू शकतो. मग मी गुरुजींच्या बाकीच्या मात्रा काढल्या. ‘धरणे’, ‘ढाळणे’, ‘भरणे’, प्रत्येक शब्दातली मात्रा मोठी करून शेजारी शेजारी लावली. त्यांची मात्रा सुरुवातीला जाड आणि शेवटी बारीक व्हायची, किंचित डावीकडे झुकायची. डागाच्या कडेवरची रेघ तशीच होती. गोजरबाई माझ्या खांद्यावरून चष्म्याविना पडद्याकडे बघत होती.

“तुह्या मनात काय हाय ते सांग,” ती म्हणाली.

“मनातलं नाही सांगत. दिसतं तेवढंच लिहिते.”

तक्ता नवा केला. एक रकाना वाढवला, ‘अर्थ’. दिवटीच्या आणि चवरीच्या ओळींसमोर त्या दांड्या काढून लिहिलं, खूण तीच, पण जुन्या यादीत ती खूण ओळ पाचकडे जाते, बोर्डावर ओळ सहाकडे, म्हणून अर्थ बदलला. पाचव्या ओळीसमोर लिहिलं, ‘थोरली’ पुढचा शब्द दिसत नाही. शिरोरेषेवर एक मात्रा दिसते. ‘सून’ जुळत नाही. ‘लेक’ असं मी लिहिलं नाही. बोटं शिवशिवत होती, तरी नाही लिहिलं. जे दिसत नाही ते भरायचं काम माझं नव्हतं.

पुन्हा मंडप भरला. या वेळी मी स्वतः वाचलं, आणि फोटो मोठे छापून नेले होते ते फिरवले. लोक मात्रा बघायला एकमेकांच्या अंगावर पडत होते. गावातल्या माणसांना एका रेघेत इतका रस मी कधी पाहिला नव्हता.

कडूबा आबा कागद डोळ्यांजवळ धरून बघत होते. मग म्हणाले, “आरतीचं ताट माही थोरली बहीण धरे. दरसाल सासरहून येत जाय, काही झालं तरी येत जाय. मले वाटे भावाची माया हाय. ती गेल्यावर ताट रिकामंच राह्यलं. मग बोर्ड आला, त्यावर सून लिह्यलं होतं, म्हणून आमच्या सुनेनं घेतलं.” त्यांनी कागद खाली ठेवला. “माया नव्हती निस्ती. तिचा मान होता तो. लेकच लिह्यलं होतं तठी.”

मग सगळ्यांची नजर गजेंद्रकडे गेली. मलाही वाटलं, आता हा ओरखड्याचं काढील, नाहीतर नवा बोर्ड हाच प्रमाण म्हणील. तो तक्त्याकडेच बघत होता. त्याचं बोट दिवटीच्या ओळीवरून एक ओळ खाली गेलं आणि तिथेच राहिलं. ती चवरीची ओळ होती, मापारींची. गेल्या काही वर्षांपासून पालखीशेजारी पांढरा सदरा घालून चवरी ढाळत चालणारा माणूस तो स्वतः होता, आणि ते त्याला किती आवडायचं हे त्याच्या चालण्यातच दिसायचं.

“दांड्या माह्याबी ओळीत हायेत,” तो म्हणाला.

कोणी त्याला ते दाखवलं नव्हतं. दाखवायला कोणी धजलंही नसतं.

“वरीलप्रमाणे, अन् वर लेक,” तो पुढे म्हणाला. “आमच्या घरी आत्या धरे चवरी. ती गेली तवा मी पाह्यलं बोर्डावर, कर्ता पुरुष निघालं, म्हटलं आता आपलंच काम.” त्याचा चेहरा पडला होता आणि त्याने तो लपवला नाही. “यादीप्रमाणे म्हटलं होतं मी. तं यादीप्रमाणे.”

त्याने तिथेच खिशातून मोबाइल काढला. त्याची मोठी मुलगी प्रेरणा मेहकरला कॉलेजात आहे. “प्रेरणा, यात्रेले ये,” तो म्हणाला. “हाव, यावंच लागते. चवरी तुले धरायची हाय. मी नाई, तू. काऊन म्हंजे? तुहाच मान हाय तो, मले आज समजलं.” पलीकडून ती काहीतरी भराभरा विचारत होती. तो “घरी सांगतो” म्हणाला आणि डोळे पुसायला मंडपाबाहेर गेला. त्या माणसावर इतके दिवस मी मनात जो राग धरला होता तो सगळा ओसरला. शिस्त त्याने दुसऱ्याला लावली तशीच स्वतःला लावली. असं करणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

गोजरबाई अजून खांबाशीच होती. कडूबा आबा तिला म्हणाले, “गोजरे, दिवटी तुहीच. यंदा बी अन् पुढं बी. नवा बोर्ड करू, सूनबाई नीट छापून देईन.”

मला वाटलं आता ती रडेल, किंवा हात जोडेल. ती उठली, मंडपातून पुढे आली आणि माझ्यासमोरचा तक्ता उचलला. चष्मा नव्हता, तरी तिने बरोबर ओळ शोधली, दांड्यांच्या खुणेवरून.

“हे काढ,” ती म्हणाली.

“काय काढू, आत्याबाई?”

“ह्या दांड्या. माह्या ओळीत अन् गजेंद्रच्या ओळीत. वरच्यासारखंच, वरच्यासारखंच, असं नको लिहू. उद्या पुन्हा कोणी वर काही घालीन.” तिचा आवाज चढलेला नव्हता. “तठी लेक लिह्य. पुरतं लिह्य.”

मी पेन काढलं. सगळे बघत होते. तिच्या ओळीतल्या दोन दांड्या मी खोडल्या आणि शेजारी लिहिलं, थोरली लेक. तिने कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग अगदी जवळ आणला, आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. ‘ले’वर ती थांबली. बोटाचं टोक मात्रेवर ठेवलं आणि म्हणाली, “नवरा मेल्यावर बाई काय काय राह्यत नाई, पुष्पे, ते मले समदं पाठ हाय. पण लेक राह्यते. हे मले कोणी सांगतलंच नव्हतं.”